चौऱ्याऐंशी लाखांची वाटणी

मुसलमान माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेत कोणाचा वाटा किती हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवायचे नसते. ते आधीच ठरलेले असते. कुराणातील ‘अन्-निसा’ या चौथ्या सूरेच्या ११, १२ आणि १७६ या तीन आयतींत मुलगी, आई, वडील, पती, पत्नी, भाऊ आणि बहीण यांचे हिस्से अर्धा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश अशा नेमक्या अपूर्णांकांत दिले आहेत. भारतात १९३७ च्या शरियत कायद्याने हेच नियम मुसलमानांच्या वारसाहक्काला लागू केले. गणित शाळेतल्या अपूर्णांकांपेक्षा अवघड नाही. तरीही किती तरी घरांत ते मांडलेच जात नाही, मांडले तर अर्धवट मांडले जाते, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बायका मोजतात.

एक कुटुंब डोळ्यासमोर ठेवून हे गणित पूर्ण करून पाहू. समजा, मिरजेत एक किराणा दुकानदार वारले. मागे पत्नी, वृद्ध आई, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. वडील आधीच गेलेले. शिवाय एक सख्खा भाऊ आणि एक सख्खी बहीण आहे. फ्लॅट सत्तर लाखांचा, बँकेत बारा लाख, दुकानातला माल दहा लाखांचा, म्हणजे एकूण ब्याण्णव लाख. कुटुंब सुन्नी हनफी आहे, जसे महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान आहेत. कोकणातले अनेक मुसलमान शाफई आहेत. पण या उदाहरणापुरते दोन्हींचे उत्तर एकच येते.

वाटणी ब्याण्णव लाखांची होत नाही, आणि पहिली चूक इथेच होते. दफनाचा खर्च आधी वजा होतो, मग कर्जे फेडायची. मृत्युपत्र असते तर त्यातले देणे त्यानंतर, तेही उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच. मग जे राहील ते वारसांचे. दफनाला पन्नास हजार लागले आणि दुकानावर सहा लाखांचे कर्ज होते, असे धरू. आणखी एक कर्ज असते, ज्याची आठवण घरातले पुरुष क्वचितच काढतात. ते म्हणजे न दिलेला मेहेर. निकाहनाम्यात लिहिलेला दीड लाखाचा मेहेर पतीने हयातीत दिला नसेल, तर ती त्याची थकबाकी आहे. इतर सावकार जसे आपले पैसे मागतात तशी विधवा तो मागू शकते. तिचा वारसाचा हिस्सा त्यापुढे, वेगळा. मेहेर वारशातच धरून टाकला, तर विधवेचे दीड लाख बुडतात. असे आठ लाख वजा केले की खरी वाटणी चौऱ्याऐंशी लाखांची उरते.

आता वारस कोण ते पाहू. मुलगे हयात असल्याने मृताचे भाऊ-बहीण बाद होतात. राहिले पत्नी, आई आणि पाच मुले. यांत दोन प्रकार आहेत. पत्नी आणि आई यांचे हिस्से ठरीव आहेत, ते आधी काढून द्यायचे. मृताला मूल असेल तर पत्नीला एक अष्टमांश, मूल नसेल तर एक चतुर्थांश. आईला, मृताला मूल असेल किंवा दोन अथवा अधिक भावंडे असतील तर एक षष्ठांश, एरवी एक तृतीयांश. मुलगा मात्र ठरीव हिश्शाचा वारस नाही. तो बाकीचा धनी आहे, ठरीव हिस्से गेल्यावर जे उरेल ते त्याचे. अशा वारसाला ‘असबा’ म्हणतात. मुलगी एकटी असेल तर तिला अर्धा आणि दोन किंवा जास्त मुली असतील तर मिळून दोन तृतीयांश असा ठरीव हिस्सा आहे. पण सोबत मुलगा असेल तर तीही भावाबरोबर बाकीत येते. तिथे मुलाला दोन भाग आणि मुलीला एक.

छेद समान केला की हिशेब सुटतो. आठ आणि सहा या दोघांचा समान छेद चोवीस. चोवीसपैकी पत्नीचे तीन, आईचे चार, बाकी सतरा. ही सतरा दोन मुलगे आणि तीन मुलींत सात भागांत वाटायची. सतराला सातने भाग जात नाही, म्हणून सगळ्यालाच सातने गुणायचे. चोवीसचे झाले एकशे अडुसष्ट. त्यांत पत्नीचे एकवीस, आईचे अठ्ठावीस, प्रत्येक मुलाचे चौतीस आणि प्रत्येक मुलीचे सतरा. रुपयांत सांगायचे तर पत्नीला साडेदहा लाख, आईला चौदा लाख, प्रत्येक मुलाला सतरा लाख आणि प्रत्येक मुलीला साडेआठ लाख. सगळ्यांची बेरीज चौऱ्याऐंशी लाख येते की नाही, हे पडताळून पाहावेच. बेरीज जमली नाही तर कोणाचा तरी हिस्सा चुकला आहे.

पत्नीपेक्षा आईला जास्त मिळते, हे अनेकांना खटकते. ‘घर तर सुनेने सांभाळले’ असे म्हणणे स्वाभाविक आहे. पण पत्नीकडे मेहेरची रक्कम वेगळी येते आणि तिची मुलेही वाटेकरी आहेत, हे ध्यानात घेऊन आकडे वाचावेत. मुलीला मुलाच्या निम्मे मिळते, ही गोष्टही झाकायची नाही. आजच्या समतेच्या विचाराशी ती जुळत नाही आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी तिच्यावर उघड आक्षेप घेतले आहेत. मात्र दोनास एक हा नियम सगळीकडे लागत नाही. मुले असलेल्या मृताचे आई आणि वडील दोघेही हयात असतील आणि मागे मुलगा असेल, तर दोघांना सारखाच एक षष्ठांश मिळतो. आईकडून सावत्र असलेले भाऊ-बहीणही सारखेच घेतात. आणि स्त्रीला मिळालेला हिस्सा पूर्ण मालकीचा असतो. हयातभर वापरायचा आणि मग सासरच्यांना परत करायचा, असा तो नसतो.

आता उदाहरणात एकच बदल करू. मुलगे नाहीत, फक्त तीन मुली आहेत. बाकी सगळे तसेच. पत्नीला साडेदहा लाख आणि आईला चौदा लाख हे कायम. मुलींना मिळून दोन तृतीयांश म्हणजे छप्पन्न लाख. बेरीज होते साडेऐंशी लाख. साडेतीन लाख उरतात. ते मुलींना जात नाहीत; मघाशी बाद झालेले मृताचे भाऊ आणि बहीण आता बाकीचे वारस म्हणून परत येतात आणि दोनास एक या प्रमाणात ही रक्कम घेतात. आई आधीच वारलेली असती तर तिचे चौदा लाखही बाकीत गेले असते आणि काका व आत्याला साडेसतरा लाख मिळाले असते. मुलगा नसलेल्या मुसलमान आई-वडिलांना हीच गोष्ट सर्वांत जास्त घोर लावते. केरळमधील वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांना तीन मुलीच आहेत. निकाहाला अनेक वर्षे झाल्यावर ८ मार्च २०२३ रोजी त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोंदणी विवाह केला. त्या कायद्याखाली लग्न झालेल्या मुस्लिम जोडप्याच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि मुलींसोबत काका-पुतणे वाटेकरी होत नाहीत. त्यांच्या या पावलावर धार्मिक मंडळींकडून टीका झाली. पण कायद्याने हा रस्ता उघडा ठेवला आहे, हे प्रत्येक जोडप्याला माहीत असायला हवे. तो धरायचा की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

कधी उलटे होते. ठरीव हिस्से मिळून एकाहून जास्त होतात. मृतामागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील आहेत असे समजा. पत्नी एक अष्टमांश, मुली दोन तृतीयांश, आई एक षष्ठांश, वडील एक षष्ठांश. चोवीसच्या छेदाने तीन, सोळा, चार आणि चार, म्हणजे सत्तावीस. चोवीस भागांतून सत्तावीस कसे द्यायचे? हाच प्रश्न हजरत अली मिंबरवर प्रवचन देत असताना कोणी तरी उठून विचारला, आणि त्यांनी जागच्या जागी उत्तर दिले की पत्नीचा अष्टमांश आता नवमांश झाला, असे परंपरा सांगते. म्हणून हा प्रश्न ‘मिंबरिया’ या नावाने ओळखला जातो. रीत साधी आहे. छेद चोवीसचा सत्तावीस करायचा, अंश तसेच ठेवायचे. सत्तावीस लाख रुपये असतील तर पत्नीला तीन, मुलींना सोळा आणि आई-वडिलांना चार-चार लाख. टंचाई सगळ्यांनी आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात सोसायची. या तडजोडीला ‘औल’ म्हणतात. शिया पंथ औल मानत नाही. तिथे तूट मुलींच्या किंवा बहिणींच्या हिश्शातून भरली जाते. म्हणूनच कुटुंब कोणत्या पंथाचे, हे गणिताच्या आधी विचारावे लागते.

शिल्लक उरली आणि ती घ्यायला बाकीचा एकही वारस नसेल, तर ती ठरीव हिस्सेदारांकडेच त्यांच्या प्रमाणात परत जाते. पती किंवा पत्नी यांना मात्र, रक्ताचा दुसरा कोणी वारस असेपर्यंत, त्यात भाग नसतो. हे प्रसंग तुलनेने कमी येतात. घरे खरी अडतात ती दुसऱ्याच कारणाने.

मिरजेच्या पहिल्या उदाहरणाकडे परत जाऊ, दोन मुलगे आणि तीन मुली असलेल्या. दुकानदार गेले. कोणी वाटणीचे नाव काढले नाही, कारण चाळिसाव्याच्या आत हिशेब काढणे बरे दिसत नाही. मग वर्ष गेले, मग थोरल्या मुलाने दुकान चालवायला घेतले, आणि विषय मागे पडला. तीन वर्षांनी दादी वारल्या. इथे बहुतेकांना वाटते की दादींचे चौदा लाख आता आपोआप नातवंडांकडे आले. तसे होत नाही. मुलगा मरण पावला त्याच क्षणी दादींचा एक षष्ठांश त्यांच्या नावावर झाला होता. वाटणी झाली नव्हती, कागद झाला नव्हता, याने काही फरक पडत नाही. आता तो दादींची मालमत्ता म्हणून दादींच्या वारसांना जाणार. त्यांचा एक मुलगा हयात आहे, म्हणजे मुलांचा चाचा. एक मुलगी हयात आहे, म्हणजे फूफी. हयात मुलगा असताना आधी गेलेल्या मुलाची मुले आजीच्या वारशात येत नाहीत. म्हणून चौदा लाखांतले सुमारे नऊ लाख तेहतीस हजार चाचाचे आणि चार लाख सदुसष्ट हजार फूफीचे.

छेद पुन्हा वाढवावा लागतो. अठ्ठावीसचे तीन समान भाग होत नाहीत, म्हणून एकशे अडुसष्टला तीनने गुणून पाचशे चार. आता प्रत्येक मुलाचे एकशे दोन, प्रत्येक मुलीचे एक्कावन्न, पत्नीचे त्रेसष्ट, चाचाचे छप्पन्न आणि फूफीचे अठ्ठावीस. ज्या चाचा-फूफीला भावाच्या मालमत्तेत काडीचा हक्क नव्हता, ते आता आईच्या वाटेने फ्लॅट आणि दुकान मिळून नवव्या आणि अठराव्या हिश्शाचे मालक आहेत. पुढे अम्मी गेल्या, तर त्यांचे त्रेसष्ट भाग त्यांच्याच पाच मुलांत जातील, मुलाला अठरा आणि मुलीला नऊ. त्याने चाचा-फूफीचे भाग कमी होणार नाहीत. दुसऱ्या पिढीतले कोणी गेले की त्यांचे पती, पत्नी आणि मुले याच फ्लॅटमध्ये वाटेकरी होतील. तीस वर्षे वाटणी न झालेल्या घराचे खरेदीखत करताना वीस-पंचवीस सह्या का लागतात, आणि त्यांतली एक मिळाली नाही की सगळे का अडते, याचे कारण इथे आहे. लोभ किंवा भांडण नंतर येते. सुरुवात उशिराने होते.

हयात मुलगा असताना अनाथ नातवंडांना काही मिळत नाही, हा या व्यवस्थेतला सर्वांत जिव्हारी लागणारा नियम आहे. बापामागून मुलगा गेला असता तर त्याच्या मुलांना सगळा हिस्सा मिळाला असता. मुलगा बापाच्या आधी गेला, म्हणून शून्य. नियमाचे तर्कशास्त्र असे की जवळचा वारस लांबच्याला बाजूला सारतो आणि मेलेल्या माणसाला वारसा मिळत नाही, म्हणून तो पुढे देऊही शकत नाही. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात हा नियम बदलला आणि अशा नातवंडांना त्यांच्या मृत आई किंवा बापाचा हिस्सा दिला. इजिप्तने १९४६ मध्ये, नातवंडांसाठी मृत्युपत्र केलेलेच आहे असे मानून एक तृतीयांशापर्यंत तरतूद केली. भारतात असा बदल झालेला नाही, आणि तो व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. धार्मिक परंपरेच्या आत राहूनच इतर देशांनी त्यावर वाट काढली आहे.

कागदांपाशी तीन गोष्टींवरून लोक फसतात. पहिली नॉमिनीची. बँकेत किंवा सोसायटीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे, तो पैसे किंवा शेअर सर्टिफिकेट स्वीकारतो, पण मालक होत नाही. बाकीच्या वारसांचे हिस्से त्याच्याकडे ठेव असतात. दुसरी सातबाऱ्याची. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, आणि त्यात बहिणींची नावे गाळली जातात. फेरफार झाला म्हणून हक्क ठरत नाही आणि नाव गाळले म्हणून हक्क बुडत नाही, पण गाळलेले नाव वर्षांनंतर चढवून घ्यायला दिवाणी न्यायालय गाठावे लागते. तिसरी हक्कसोडीची. ‘लग्नात तुझ्यावर खर्च केला’ म्हणून वडील हयात असतानाच मुलीची सही घेतली जाते. वडील हयात असेपर्यंत मुलीकडे सोडण्यासारखा हक्कच नसतो, त्यामुळे अशा निव्वळ सहीला कायद्यात किंमत नाही. मात्र त्या सहीच्या बदल्यात तिने खरोखर पैसे किंवा मालमत्ता घेतली असेल, तर नंतर ती हक्क सांगू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या खटल्यात म्हटले आहे. मृत्यूनंतर स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत दस्त लागतो.

सगळ्या मालमत्तेला आणि सगळ्या मुसलमानांना हे गणित लागत नाही, हेही सांगायला हवे. शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. उत्तर प्रदेशात तिच्या वारसांचा क्रम वेगळ्या महसूल कायद्याने ठरतो. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत असा वेगळा क्रम नाही. गोव्यात तर शरियतचे हिस्सेच लागत नाहीत. तिथल्या मुसलमानांनाही पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी वारसा कायदा लागतो, ज्यात मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी आहेत. कोल्हापूरचे आणि मडगावचे सख्खे मामेभाऊ वेगवेगळ्या गणिताने वारसा घेतात, ते यामुळे. दत्तक घेतलेले किंवा फक्त वाढवलेले मूल शरियतच्या गणितात कुठेच वारस नसते.

अनाथ नातवंडे आणि वाढवलेली मुले वारस नसतात, म्हणूनच त्यांच्या नावे मृत्युपत्र करता येते. वारसाच्या नावे केलेल्या मृत्युपत्राला, ते केलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते. या मुलांना दिलेल्या एक तृतीयांशापर्यंतच्या हिश्शाला कोणाचीही लागत नाही. हयातीत ताबा देऊन केलेली हिबा याहून मोठीही असू शकते. मात्र ती अखेरच्या आजारात केली, तर तिलाही एक तृतीयांशाचीच मर्यादा पडते. ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांनी हा कागद तब्येत ठणठणीत असतानाच करावा.